निळी बाटली आणि तीन बाळंतपणं

दौंडच्या आमच्या लॅबमध्ये खिडकीशी एक निळी बाटली असायची. बेनेडिक्टचं द्रावण. रंग थेट मोरचुदाचा, कारण त्यात मोरचूदच असतो. १९८४ साली डी.एम.एल.टी. करून मी तिथे लागले, तेव्हा साखर बघायची म्हणजे आधी लघवीतली बघायची. परीक्षानळीत पाच मिली निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. साखर नसेल तर निळं ते निळंच. थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी. खूप असेल तर तळाशी विटेसारखा लाल साका बसायचा. नळी पेशंटच्या डोळ्यांसमोर रंग बदलायची, त्यामुळे आकडा समजावून सांगायची गरज नसायची. आज ग्लुकोमीटर पाच सेकंदांत आकडा देतो आणि तो कितीतरी अचूक असतो. तरीही त्या नळीकडे टक लावून बसलेले आईबाप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

१९८६ ची संक्रांत नुकतीच झाली होती. केडगावच्या बाजूने एक जोडपं नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. त्यांचं गुऱ्हाळ होतं. महिन्याभरात पोरगी निम्मी झाली होती, रात्रीत तीनदा उठून तांब्याभर पाणी प्यायची, आणि चार वर्षांपूर्वी बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं. आई हळूच म्हणाली, "ताई, मोरीत मुंग्या लागतात हो." मी आठ थेंब टाकले. उकळी फुटायच्या आतच नळी विटकरी झाली. पोरीच्या श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास येत होता म्हणून रोथेराची चाचणी लावली. अमोनिया सोडल्यावर नळीत जांभळं कडं उमटलं. ॲसिटोन. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि मिळेल त्या गाडीने तिला पुण्याला पाठवलं. माझे वडील रेल्वेत होते, क्वार्टर स्टेशनाला लागूनच. तिला गाडीत बसवून द्यायला तेच गेले.

पुढे गावात एकच बोललं गेलं, की काहिलीतला गरम गूळ चाटून चाटून पोरीला साखर झाली. तिच्या बापाने त्या हंगामात तिला चुलवाणाजवळ फिरकू दिलं नाही. त्या माणसाला किती वर्षं स्वतःचाच दोष वाटत राहिला असेल! खरं म्हणजे गुळाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तिच्या स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या ज्या बीटा पेशी होत्या, त्या तिच्याच शरीराच्या टी पेशींनी एकेक करून मारल्या होत्या. टी पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक जात. विषाणू शिरलेली पेशी शोधून तिला जागच्या जागी मारणं हे त्यांचं काम. इथे त्यांनी निरोगी बीटा पेशींनाच शत्रू मानलं. स्वादुपिंडात या पेशींची छोटी छोटी बेटं असतात. त्याच बेटावर शेजारी अल्फा पेशीही असतात, पण त्यांना धक्काही लागत नाही. एवढा नेमका नेम असतो. तहान लागते, वजन उतरतं, तेव्हा बहुतेक मारामारी उरकलेली असते. सुरुवात कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं आधी झालेली असते.

तिला मिळालेलं इन्शुलिन गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. घरात फ्रिज नव्हता. तिच्या आईने मोठ्या माठात थोडं पाणी ठेवून त्यात एक छोटं मडकं बसवलं होतं, बाटली त्यात राहायची. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि तीच सुई पुन्हा पुन्हा वापरायची. सकाळ-संध्याकाळ सुई, आणि घरीच बेनेडिक्टची नळी. त्या माउलीने एका वहीत रंग लिहून ठेवले होते: हिरवा, हिरवा, पिवळा, लाल. ती वही मी पाहिली आहे.

या मुलीच्या आधीची आठवण माझ्या आत्याची. आत्या घोडनदीला दिलेली. आमच्याकडची जुनी माणसं शिरूरला घोडनदीच म्हणत. मे महिन्यात न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीने आम्ही तिच्याकडे जायचो. १९७४ च्या सुट्टीत गेलो तर आत्या ओळखू येईना. चार भाकरी खायची आणि तरी हाडं दिसत होती. भर सकाळी पदराने घाम पुसायची. डोळे असे मोठे झालेले की लहान मुलं घाबरायची. कपबशी आणताना बशीत कप वाजायचा, तो आवाज मला अजून ऐकू येतो. आजीने देवऋषी केला. शेवटी फुफाजींनी पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला हात पुढे करायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. कागदाची कड थरथरायला लागली. आधी गोळ्या झाल्या, मग ऑपरेशनआधी आयोडीनचे थेंब, आणि गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बरीचशी काढली. काही महिन्यांत आत्या पुन्हा आमची आत्या झाली.

तिच्या आजाराचं नाव ग्रेव्हजचा आजार. इथे ग्रंथीला कोणी मारत नाही, उलट तिला फटके मारून पळवलं जातं. एरवी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टी.एस.एच. नावाचा संदेश पाठवते, थायरॉइडच्या पेशींवरच्या रिसेप्टरवर तो बसतो आणि ग्रंथी कामाला लागते. रक्तात थायरॉक्सिन पुरेसं झालं की पिट्युटरी संदेश थांबवते. ग्रेव्हजमध्ये शरीर अशी अँटीबॉडी तयार करतं जी त्याच रिसेप्टरवर बसून टी.एस.एच.चं सोंग घेते. पिट्युटरीने तोंड बंद केलं तरी ही बोलतच राहते. रक्तातला हा परका चेतवणारा पदार्थ न्यूझीलंडमध्ये ॲडम्स आणि पर्व्ह्‌स यांना १९५६ साली सापडला. तो अँटीबॉडी आहे हे नंतर कळलं.

आता तिसरी बाई. ही फार मागची गोष्ट नाही, २००३ ची. न्हावऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवरची, पंचविशीची, नुकतं लग्न झालेली. दिवसभर कांदा काढून संध्याकाळी घरी आली आणि बोलता बोलता तिच्या पापण्या मिटायला लागल्या, आवाज नाकातून यायला लागला. घरच्यांनी एकच ओळखलं: पान लागलं. आमच्या भागात नाग आणि मण्यार दोन्ही आहेत आणि त्यांच्या विषाने आधी पापण्याच पडतात, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. मला रात्री लॅब उघडायला बोलावलं. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त गोठलं होतं. म्हणजे घोणस किंवा फुरसं असण्याची शक्यता कमी. पण नाग-मण्यारीचं विष रक्तावर नाही, नसांवर चढतं, त्यांना ही चाचणी पकडत नाही. अंगावर दंशाची खूण नव्हती. मण्यारीची खूण कित्येकदा दिसतही नाही. डॉक्टरांनी रात्रभर जवळ बसून श्वासावर लक्ष ठेवलं. सकाळी बाई ठणठणीत. घरी गेली आणि दोन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा तेच.

सकाळी बरं आणि संध्याकाळी पुन्हा तेच, हे विषाचं वागणं नव्हे. मधल्या काळात एका ठिकाणी कणकण आहे म्हणून जेंटामायसिनची सुई दिली गेली आणि त्या रात्री तिला पाणीही गिळता येईना. पुण्याहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या फिजिशियननी तिला खुर्चीत बसवून छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या पडदा सोडावा तशा खाली आल्या. मग त्यांनी माझ्याकडे बर्फ मागितला. लॅबच्या फ्रिजमधला बर्फ हातमोज्यात भरून एका पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला तेव्हा तो डोळा उघडा होता आणि दुसरा मिटलेला. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही मशीनने मला असं काही दाखवलं नाही.

हा मायस्थेनिया ग्रेव्हिस. नस स्नायूला जिथे भेटते तिथे एक बारीक फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पलीकडच्या स्नायूवरच्या रिसेप्टरवर बसतं आणि स्नायू आकसतो. या आजारातल्या अँटीबॉडी त्या रिसेप्टरवर हल्ला करतात. काही वेळा नुसत्या आडव्या येतात. काही वेळा दोन रिसेप्टर एकमेकांना जखडतात, मग स्नायूची पेशी ते वेळेआधीच गिळून मोडून टाकते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं बोलावून त्या जागेच्या घड्याच उद्ध्वस्त करतात. निरोगी माणसात रिसेप्टरची चंगळ असते. काम करत राहिलं की नसेतून दर वेळी सुटणारं रसायन थोडं थोडं कमी होतं, पण ते आपल्याला जाणवत नाही. रिसेप्टरच तुटपुंजे असले की ही शिल्लक राहत नाही, म्हणून थकव्यासरशी पापणी पडते आणि झोपून उठलं की उघडते. थंडाव्याने ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम मंदावतं, रसायन फटीत जरा जास्त टिकतं, म्हणून बर्फाने डोळा उघडला. जेंटामायसिन याच फटीत रसायनाची आवक आणखी रोखतं. एरवी ते सोसतं, हिला सोसलं नाही.

घरच्यांनी साप ओळखला तो फार दूरचा अंदाज नव्हता. नागाचं विष याच रिसेप्टरवर बसतं. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातला एक घटक या रिसेप्टरला इतका घट्ट चिकटतो की त्याला किरणोत्सर्गी खूण लावून संशोधकांनी रिसेप्टर मोजले. १९७३ साली अमेरिकेत फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनियाच्या रुग्णांचे स्नायू असे मोजले, तेव्हा निरोगी माणसाच्या तुलनेत फार तर तिसरा हिस्सा रिसेप्टर उरलेले दिसले. सापाच्या विषानेच या आजाराचं ठिकाण दाखवून दिलं. आमच्याच जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण वाचवले. नागाच्या दंशात प्रतिविषाबरोबर जी निओस्टिग्मिनची सुई देतात, त्याच जातीचं औषध आमच्या बाईला पुढे गोळीतून रोज सुरू झालं.

या तिघी तीन वेगळ्या काळातल्या. त्या एकाच गोष्टीतल्या आहेत हे मला कळलं ते त्यांच्या बाळांमुळे.

आईच्या रक्तातल्या मुख्य जातीच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात. गोवरापासून पहिले काही महिने बाळाचं रक्षण होतं ते यामुळेच. आईच्या टी पेशी मात्र अशा फौजेने पलीकडे जात नाहीत. म्हणजे आजार खरोखर अँटीबॉडी करत असेल, तर तो जन्मलेल्या बाळात काही दिवस दिसायला हवा, आणि आईची उसनी अँटीबॉडी संपली की आपोआप जायला हवा. निसर्गानेच मांडलेला हा प्रयोग आहे.

मायस्थेनियावाल्या बाईची मुलगी २००६ साली जन्मली. रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक, दूध ओढता येईना, मान एकदम लुळी. आईचा आजार आधीच सांगितलेला होता म्हणून बालरोगतज्ज्ञ तयार होते. नळीने दूध आणि थोडं औषध. तिसऱ्या आठवड्यात ती रडली तेव्हा वॉर्डभर आवाज गेला. या आजाराच्या आईच्या दर दहा बाळांत साधारण एकाला असं होतं.

आणि तेव्हा मला आत्याचा धाकटा आठवला. ऑपरेशननंतर तीन वर्षांनी, १९७७ साली झालेला. आत्या तेव्हा अगदी बरी होती, थायरॉक्सिनची गोळी घेत होती. पण बाळ रात्रंदिवस किरकिर करायचं, अधाशासारखं प्यायचं आणि अंगाला लागायचं नाही. आजी छातीवर हात ठेवून म्हणायची, "पोराचं काळीज केवढं धावतंय गं!" दृष्टी काढून झाली, गंडा बांधून झाला. चौथ्या महिन्यात ते आपोआप शांत झालं आणि श्रेय गंड्याला मिळालं. जवळजवळ तीस वर्षांनी लॅबच्या स्टुलावर बसून मला कळलं, की आत्याची ग्रंथी काढली होती, अँटीबॉडी नव्हती काढली. तिच्या स्वतःच्या गळ्यात चेतवायला फारसं काही उरलं नव्हतं, पण बाळाच्या गळ्यात कोरी करकरीत ग्रंथी होती. बाळ वाचलं हे नशीब. अशा बाळाचं हृदय थकूही शकतं.

आता गुऱ्हाळवाल्यांची लेक. तिचं लग्न जमायला वेळ लागला, पण जमलं, आणि २००४ साली तिला मुलगा झाला. तिच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी असणार, आणि असतील तर त्या वारेतून गेलेल्याही असणार. पण बाळाला मधुमेह नव्हता. उलट जन्मल्यावर त्याची साखर धडकन खाली आली, कारण आईच्या वाढलेल्या साखरेला तोंड देता देता त्याच्या बीटा पेशी पोटात असल्यापासून जादा इन्शुलिन करत होत्या. नाळ कापल्यावर आईची साखर थांबली, इन्शुलिन चालूच राहिलं. टाचेला टोचून मीच ती साखर मोजली होती. ज्या अँटीबॉडीचा आम्ही एवढा धसका घ्यायचो, ती रक्तात असूनही बाळाच्या बीटा पेशी नुसत्या जिवंत नव्हत्या, ओव्हरटाइम करत होत्या.

तिच्या टाइप वन मधुमेहात मारेकरी अँटीबॉडी नाही, टी पेशी आहेत, याला पुरावे आणखी आहेत. अमेरिकेत मिनेसोटाला एकसारख्या जुळ्या भावंडांवर शस्त्रक्रिया झाल्या. निरोगी जुळ्याच्या स्वादुपिंडाचा तुकडा मधुमेही जुळ्याला बसवला. जुळ्याचाच अवयव, शरीर तो परका मानणार नाही म्हणून प्रतिकार दाबणारी औषधं दिली नाहीत. तुकडा परका म्हणून नाकारला गेला नाही, पण काही आठवड्यांत त्यातल्या नेमक्या बीटा पेशी पुन्हा मारल्या गेल्या. आणि २००१ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद झाली ज्याचं शरीर जन्मतःच अँटीबॉडी बनवू शकत नव्हतं. त्यालाही टाइप वन मधुमेह झाला होता.

म्हणून औषधंही आता वेगळ्या वाटांनी जातात. मायस्थेनियात रक्तातला प्लाझ्मा बदलला तर काही दिवसांत माणूस उठून बसतो, आणि अलीकडे अँटीबॉडी लवकर मोडून टाकणारी इंजेक्शनं आली आहेत. टाइप वनमध्ये प्लाझ्मा बदलून हाती फारसं काही लागत नाही. तिथे २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालेलं टेप्लिझुमॅब टी पेशींनाच शांत करतं आणि धोक्याच्या टप्प्यावरच्या मुलांमध्ये आजार सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलतं. बरा करत नाही.

आता सगळं सोपं झालं आहे. आम्ही नमुना बर्फाच्या थर्मासात घालून सकाळच्या गाडीने ओळखीच्या माणसाबरोबर पुण्याला धाडायचो. आज शिरूर काय, दौंड काय, मोटारसायकलवरचा मुलगा संध्याकाळी नळ्या नेतो आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मोबाइलवर येतो. मागच्या वर्षी शेजारची सून असाच मोबाइल घेऊन रडत आली. दिवस गेलेले, आणि अँटी-टी.पी.ओ. कित्येक पटींनी जास्त. "काकू, माझं बाळ?" मी तिला बसवलं, चहा दिला. हा हाशिमोटोचा आजार. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी १९१२ साली चार बायकांच्या ग्रंथींवरून तो लिहून ठेवला. इथे थायरॉइड टी पेशींच्या गराड्यात हळूहळू झिजते. टी.पी.ओ.ची अँटीबॉडी बहुतांशी त्या झिजेची खूण आहे. ती वारेतून बाळाकडे जाते, पण बाळाची ग्रंथी मोडत नाही. आत्याच्या अँटीबॉडीसारखी ती नाही. बाळाला खरी गरज आईच्या थायरॉक्सिनची, म्हणून टी.एस.एच. वेळोवेळी बघायचं आणि गोळी सकाळी उपाशीपोटी न चुकता घ्यायची. त्या मोठ्या आकड्याकडे रोज बघत बसायचं काही कारण नव्हतं. तिच्या रिपोर्टवर हे सांगणारी एकही ओळ नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

उलटंही होतं, कधी अँटीबॉडीची चाचणी कामाची ठरते. आमच्याकडे बारीक अंगाच्या तरुणांनाही टाइप टू होतो, त्यामुळे वय आणि वजन बघून टाइप वन ओळखणं फसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासह संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की युरोपीय लोकांवर बेतलेला जनुकांचा गुणांक आपल्याकडेही हे दोन प्रकार बऱ्यापैकी वेगळे करतो. तालुक्याच्या लॅबपर्यंत तो अजून आलेला नाही. तोवर अँटीबॉडीची चाचणी उपयोगी आहेच: गुन्हेगार म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून.

गुऱ्हाळवाल्यांची लेक आता पन्नाशीकडे आली आहे. माठ गेला, फ्रिज आला. बाटली मात्र अजून चाळीस युनिटवालीच घेते आणि तिला लाल टोपीचीच सिरिंज लागते, हे नव्या दुकानदाराला ती स्वतः समजावून सांगते.

माझं एक मागणं आहे, विशेषतः आमच्या भागातल्या लेकीसुनांकडे. मायस्थेनिया असेल तर बाळंतपणाआधी तसं सांगा, आणि कुठलीही सुई घेण्याआधीही सांगा. ग्रेव्हजचा आजार होऊन गेला असेल, ग्रंथी काढली असेल, आज सगळे रिपोर्ट नॉर्मल असतील, तरीही दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा: माझ्या थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, ते ग्रेव्हजसाठी झालं होतं. रिसेप्टरची अँटीबॉडी तपासायची की नाही ते मग डॉक्टर ठरवतील.